वायदा व्याजदर करार : निपटारा रक्कम

वायदा व्याजदर करार : भविष्यकाळातील एका ठराविक तारखेस सुरू होणाऱ्या ठराविक मुदतीसाठी व्याजाचा दर आजच निश्चित करणारा, दोन पक्षांमधील करार. बँकव्यवहारात तो ‘फॉरवर्ड रेट अ‍ॅग्रीमेंट’ किंवा ‘एफआरए’ या नावाने ओळखला जातो. या करारात कोणी कोणास कर्ज देत नाही आणि मुद्दलाची देवघेवही होत नाही. मुदत सुरू होते त्या दिवशी बाजारातील संदर्भ दर व करारातील दर यांची तुलना करण्यात येते आणि दोहोंतील फरकाइतके व्याज एक पक्ष दुसऱ्यास रोख देतो. या रकमेस निपटारा रक्कम असे म्हणतात. संदर्भ दर करार दराहून वर गेल्यास विक्रेता ती रक्कम खरेदीदारास देतो. खाली आल्यास खरेदीदार विक्रेत्यास देतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या परिस्थितीचा, म्हणजे संदर्भ दर चढा ठरल्यास रक्कम कशी काढतात व ती तशीच का काढतात याचा, विचार केला आहे.

येथे खरेदीदार कोण व विक्रेता कोण याविषयी पुष्कळदा घोटाळा होतो. खरेदीदार हा पैसा उसना घेणाऱ्याच्या भूमिकेत असतो. दर वाढण्याची त्याला धास्ती असते, म्हणून तो स्थिर दर ‘विकत घेतो’. विक्रेता हा पैसा उसना देणाऱ्याच्या भूमिकेत असतो आणि त्याला दर उतरण्याची चिंता असते. कराराची मुदत दोन आकड्यांनी दर्शवितात. ‘३ × ६’ याचा अर्थ करार झाल्यापासून तीन महिन्यांनी सुरू होणारी आणि सहा महिन्यांनी संपणारी, म्हणजे एकूण तीन महिन्यांची मुदत असा होतो.

पार्श्वभूमी : हा करार प्रचारात येण्यापूर्वी भावी दर पक्का करावयाचा झाल्यास बँकेला प्रत्यक्ष पैसा हलवावा लागे. तीन महिन्यांनंतरचे तीन महिन्यांचे कर्ज आजच्या दराने देण्यासाठी बँक आज सहा महिन्यांच्या मुदतीने पैसा उचले आणि पहिले तीन महिने तो दुसरीकडे गुंतवून ठेवी. त्यामुळे दोन्ही व्यवहार ताळेबंदावर चढत आणि केवळ दराच्या हमीसाठी संपूर्ण मुद्दल अडकून पडे. १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी लंडनच्या पैसाबाजारात यावर तोड निघाली. मुद्दल वगळून फक्त व्याजातील फरकाचा निपटारा करावयाचा, ही ती तोड होय. ब्रिटिश बँकर्स असोसिएशनने १९८५ मध्ये या करारांच्या प्रमाणित अटी प्रसिद्ध केल्या. भारतात रिझर्व्ह बँकेने जुलै १९९९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून वायदा व्याजदर करार व व्याजदर अदलाबदल यांना परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे जून १९९८ मध्ये, राष्ट्रीय शेअर बाजाराने ‘मायबॉर’ हा मुंबई पैसाबाजाराचा संदर्भ दर जाहीर करण्यास सुरुवात केली होती. अशा सर्वमान्य व उभयपक्षी निर्विवाद दराविना हा करार संभवत नाही.

ठाणे–कल्याण–डोंबिवली पट्ट्यातील लहान उद्योगांचा या विषयाशी संबंध कसा येतो, हे बँककर्जांच्या नियमांवरून समजते. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत आणि डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र येथील अभियांत्रिकी, रसायन व कापडप्रक्रिया कारखाने खेळत्या भांडवलासाठी मोठ्या प्रमाणावर बँककर्जावर अवलंबून असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने वाणिज्य बँकांना असा आदेश दिला, की १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघू उद्योगांना द्यावयाची बदलत्या दराची नवी कर्जे बँकेबाहेरील एखाद्या संदर्भ दराशी जोडलेली असावीत आणि त्या कर्जांचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरविला जावा. संदर्भ दर म्हणून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर किंवा ‘फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया’ या संस्थेने जाहीर केलेला तीन वा सहा महिन्यांच्या ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्पमुदती हुंड्यांचा, उताराही बँकांना निवडता येतो. अशा कर्जदाराच्या व्याजाचा एक भाग बाजारावर सोडलेला असतो. वायदा व्याजदर करार नेमका हाच भाग बांधून ठेवतो.

निपटाऱ्याचे सूत्र : संदर्भ दर करार दराहून जास्त ठरल्यास खरेदीदारास मिळणारी रक्कम पुढीलप्रमाणे काढतात :

निपटारा रक्कम = [मुद्दल × (संदर्भ दर − करार दर) × दिवस ÷ ३६५] ÷ [१ + (संदर्भ दर × दिवस ÷ ३६५)]

यात दिवस म्हणजे कर्जाच्या मुदतीचे प्रत्यक्ष दिवस होत; करार झाल्यापासून मुदत सुरू होईपर्यंत लोटलेले दिवस यात धरीत नाहीत. रुपयाच्या व्यवहारात वर्ष ३६५ दिवसांचे, तर अमेरिकी डॉलरच्या व्यवहारात ३६० दिवसांचे मानतात. दर शेकडा असल्याने सूत्रात घालताना त्यास शंभराने भागतात. मुद्दल केवळ हिशेबापुरते असल्याने त्यास कल्पित मुद्दल म्हणतात.

सूत्राचा अंश समजण्यास सोपा आहे. दरातील वाढीमुळे कर्जदाराला संपूर्ण मुदतीत जे जादा व्याज द्यावे लागेल ते अंशात येते. अडखळावयास होते ते छेदापाशी. जादा व्याज ही मुदतीच्या अखेरीस उद्‌भवणारी रक्कम आहे, परंतु निपटारा होतो मुदतीच्या आरंभी. तीन महिन्यांनंतर मिळावयाचे पैसे आज हाती आले, तर त्यांवर तीन महिन्यांचे व्याज कमावता येते. म्हणून ते व्याज वजा करूनच आजची रक्कम ठरवावी लागते. मुदतीची हुंडी मुदतीपूर्वी वटविताना सराफ जो वटाव कापून घेई, तोच न्याय येथेही लागू होतो. सूत्रातील छेद म्हणजे हा वटाव होय.

निपटारा मुदतीच्या अखेरीस केला असता तर वटावाची गरजच पडली नसती. तरीही तो आरंभीच करतात, याचे कारण उभय पक्षांची परस्परांवरील जोखीम. संदर्भ दर एकदा जाहीर झाला, की कोणी कोणाचे किती देणे लागतो हे निश्चित होते. मग ते देणे आणखी तीन महिने उधार ठेवण्यात लाभ कोणाचाच नसतो आणि त्या काळात देणेकरी बुडाला तर घेणेकऱ्याचे नुकसान मात्र होते. वटाव कापून तत्काळ निपटारा केल्याने करार तेथेच संपतो.

उदाहरण : डोंबिवलीतील एका कापडप्रक्रिया कारखान्याची कल्पना करावी. कारखान्याने १० कोटी रुपयांचे कर्ज घेतले आहे. त्याचा दर ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा उतारा अधिक ४ टक्के असा असून ४ जुलै २०२२ रोजी तो नव्याने ठरावयाचा आहे. एप्रिल २०२२ च्या आरंभी रेपो दर ४ टक्के होता. दर वाढतील या भीतीने कारखान्याने ४ एप्रिल रोजी एका बँकेकडून ३ × ६ मुदतीचा वायदा व्याजदर करार ४·५० टक्के दराने खरेदी केला. करारातील मुदत ४ जुलै ते ३ ऑक्टोबर, म्हणजे ९१ दिवसांची आहे. कारखाना व त्याचे दर समजुतीपुरते घेतले आहेत. रेपो दराचे आकडे मात्र प्रत्यक्षातील आहेत.

त्यानंतरच्या घडामोडी विदित आहेत. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने पूर्वनियोजित नसलेल्या बैठकीनंतर रेपो दर ४·४० टक्के केला आणि ८ जून रोजी तो ४·९० टक्क्यांवर नेला. सरकारी हुंड्यांचे उतारेही चढले. निपटाऱ्याच्या दिवशी संदर्भ दर ५·३० टक्के निघाला, असे धरू.

करार दर व संदर्भ दर यांतील फरक ०·८० टक्के आहे. १० कोटींवर वर्षाचे हे जादा व्याज ८,००,००० रुपये होते आणि ९१ दिवसांचे १,९९,४५२ रुपये. हा झाला अंश. छेदासाठी ५·३० टक्के दराने एका रुपयावरील ९१ दिवसांचे व्याज काढले असता ते ०·०१३२१३७ रुपये येते, म्हणून छेद १·०१३२१३७ होय. भागाकार करता निपटारा रक्कम १,९६,८५१ रुपये येते. वटाव २,६०१ रुपयांचा झाला. ४ जुलै रोजी बँक कारखान्यास ही १,९६,८५१ रुपयांची रक्कम देते आणि करार समाप्त होतो.

उत्तर बरोबर आहे किंवा नाही, हे पडताळण्याची साधी रीत आहे. मिळालेली रक्कम संदर्भ दराने मुदतीपर्यंत वाढवून पहावी. १,९६,८५१ रुपयांवर ५·३० टक्के दराने ९१ दिवसांचे व्याज २,६०१ रुपये होते आणि बेरीज १,९९,४५२ रुपये, म्हणजे अंशाइतकीच, भरते. बेरीज जुळली नाही तर सूत्रात कोठेतरी चूक आहे असे समजावे.

आता कर्जाचा हिशेब पाहू. नवा कर्जदर ५·३० अधिक ४, म्हणजे ९·३० टक्के ठरला. त्या दराने ९१ दिवसांचे व्याज २३,१८,६३० रुपये होते. निपटाऱ्याची रक्कम व तिच्यावरील व्याज मिळून हाती येणारे १,९९,४५२ रुपये त्यातून वजा केले, की निव्वळ भार २१,१९,१७८ रुपये उरतो. १० कोटींवर ८·५० टक्के दराने ९१ दिवसांचे व्याज नेमके इतकेच होते. करारातील ४·५० टक्के आणि बँकेचे ४ टक्के यांची बेरीजही ८·५० टक्केच आहे. संदर्भ दर ५·३० ऐवजी ६·५० टक्के निघाला असता, तरी निव्वळ भार हाच राहिला असता. कर्जावरील दर वाढतोच. वाढीव व्याजाची भरपाई दुसऱ्या हाताने येते, एवढाच या कराराचा अर्थ आहे.

ही जुळणी मात्र एका गृहीतावर उभी आहे. ४ जुलैला आलेली रक्कम त्याच दिवशी कामी लागली पाहिजे. ती चालू खात्यात पडून राहिली, तर तिच्यावर काहीच व्याज मिळत नाही आणि वटावाचे २,६०१ रुपये कारखान्याच्या पदरचे जातात. तीच रक्कम कॅश क्रेडिट खात्यात भरून देणे कमी केले, तर ९·३० टक्के दराने होणारे व्याज वाचते आणि कारखाना वटाव भरून काढून किंचित लाभातही राहतो.

वटावाचा परिणाम : वटाव संदर्भ दरानेच कापला जातो, यातून एक बारीक पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निष्पन्न होते. दर जितका चढतो तितका वटावही वाढतो, त्यामुळे खरेदीदाराची प्राप्ती दरवाढीच्या प्रमाणाहून थोडी मंद गतीने वाढते. दर उतरला, तर उलट घडते. वरील उदाहरणात संदर्भ दर ०·८० टक्क्याने वर न जाता तितकाच खाली, म्हणजे ३·७० टक्क्यांवर आला असता, तर वटाव कमी पडून कारखान्याला बँकेस १,९७,६२९ रुपये द्यावे लागले असते. सारख्याच चढउतारात मिळण्याची रक्कम १,९६,८५१ रुपये आणि देण्याची १,९७,६२९ रुपये, असा ७७८ रुपयांचा फरक राहतो. यात कोणावर अन्याय होत नाही. दर चढा असताना हाती आलेला रुपया मुदतीअखेर अधिक कमावतो, म्हणून आज तो कमी दिला तरी चालतो. दहा कोटींच्या एका करारात हा फरक नगण्य आहे. हजारो कोटींचे व मोठ्या मुदतीचे करार बाळगणाऱ्या बँका मात्र तो मोजतात.

हिशेबातील चुका : वटाव संदर्भ दराऐवजी करार दराने कापणे ही नेहमीची चूक होय. वरील उदाहरणात तसे केल्यास उत्तर १,९७,२३९ रुपये येते, म्हणजे ३८८ रुपयांनी जास्त. फरक लहान असल्याने ही चूक नजरेतून सुटते, परंतु वर दिलेल्या पडताळ्यात ती उघडी पडते. दुसरी चूक वर्षाच्या दिवसांची. डॉलरच्या करारांची सवय असलेल्या माणसाने ३६० दिवस धरल्यास उत्तर १,९९,५४९ रुपये येते, ते २,६९८ रुपयांनी जास्त आहे. ही चूक पडताळ्यात सापडत नाही, कारण अंश व छेद दोन्हीकडे ती सारखीच शिरते आणि बेरीज आपसांत जुळते. त्यासाठी करारपत्रातील दिवसगणनेचे कलमच वाचावे लागते.

मर्यादा : सूत्र अचूक असले, तरी कारखान्याचे संरक्षण तितके अचूक असेलच असे नाही, कारण करार संदर्भ दराचा असतो व कारखान्याचे देणे कर्जाचे असते. ही दोन्ही तंतोतंत जुळली तरच वरील ८·५० टक्क्यांचे उत्तर मिळते. पहिली विसंगती संदर्भ दराची असू शकते. कर्ज रेपो दराशी जोडलेले असेल आणि करार ट्रेझरी बिलाच्या उताऱ्यावर असेल, तर दोन्ही दर सारखे हलतीलच असे नाही. रेपो दर बैठकीच्या निर्णयानंतर टप्प्याटप्प्याने बदलतो, तर हुंड्यांचा उतारा त्या निर्णयाच्या अपेक्षेने आधीच चढू लागतो.

दुसरी विसंगती तारखांची. कर्जाचा दर ४ जुलैऐवजी ऑगस्टच्या मध्यास ठरणार असेल, तर कारखान्याला जुलैच्या दरानुसार भरपाई मिळेल आणि व्याज मात्र ऑगस्टच्या दराने द्यावे लागेल. २०२२ मध्ये हे अंतर क्षुल्लक ठरले नसते, कारण ५ ऑगस्ट रोजी रेपो दर आणखी अर्ध्या टक्क्याने वाढून ५·४० टक्के झाला. तिसरी विसंगती व्याज भरण्याच्या पद्धतीची आहे. सूत्रात व्याज मुदतीच्या अखेरीस एकरकमी द्यावयाचे धरले आहे, परंतु आपल्याकडील बँका कर्जखात्यात व्याजाची आकारणी सामान्यतः दरमहा करतात. त्यामुळे जादा व्याजाचा काही भाग मुदतीपूर्वीच द्यावा लागतो आणि सूत्रातील वटाव कर्जदाराच्या दृष्टीने किंचित अधिक पडतो. बँकेच्या ४ टक्क्यांना तर करार स्पर्शही करीत नाही. कर्जदाराची पत घसरल्याचे कारण देऊन बँकेने तो दर वाढविला, तर त्याची भरपाई या करारातून मिळत नाही.

चौथी मर्यादा कालावधीची होय. एक करार एकाच मुदतीपुरता असतो. वर्षभराचे संरक्षण हवे असल्यास लागोपाठच्या मुदतींचे करार एकापुढे एक असे करावे लागतात. अशा करारमालिकेचे काम व्याजदर अदलाबदलीच्या एकाच करारात होते, म्हणून मुंबईच्या बाजारात एकदिवसीय मायबॉरवर आधारलेल्या अदलाबदलीचा प्रसार अधिक झाला. भारतात गेल्या काही वर्षांत विमा कंपन्यांनी ‘बाँड एफआरए’ या नावाने केलेले व्यवहार सरकारी रोख्यांच्या भावाशी निगडित असून त्यांच्या निपटाऱ्यास येथील सूत्र लागू होत नाही. नामसाम्यामुळे दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

रिझर्व्ह बँकेने जून २०१९ मध्ये काढलेल्या रुपया व्याजदर अनुजात व्यवहारविषयक निदेशांत किरकोळ वापरकर्त्यांना असे करार केवळ स्वतःची जोखीम आटोक्यात ठेवण्यासाठी करता येतील असे ठरविले आहे. ज्याच्यापाशी कर्ज नाही, त्याने केवळ दर चढतील या अंदाजाने हा करार करणे त्यात बसत नाही. कर्जदार खरेदीदाराच्या हिशेबातही निपटारा रकमेकडे नफा म्हणून पाहणे चुकीचे होय. १,९६,८५१ रुपये हाती आले तेव्हा कर्जावरील व्याज तितक्याच वर्तमान मूल्याने वाढलेले होते. दर उतरून पैसे द्यावे लागले असते, तर कर्जावरील व्याज तितकेच कमी झाले असते. दोन्ही बाजू एकत्र मांडल्या, तरच ४ एप्रिल रोजी पक्का केलेला दर ४ जुलै रोजी खरोखर पदरात पडला की नाही, हे कळते.